पत्र्याची बादली: पाणी किती मावतं, पत्रा किती लागतो

प्रश्न: आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मुलगी दहावीत आहे, शंकूछेद शिकतेय. घरातल्या पत्र्याच्या बादलीची तिने आतून मापं घेतली: तोंडाचा व्यास ३४ सेमी, बुडाचा २० सेमी, आणि आतल्या भिंतीला टेप लावून उंची २५ सेमी. सूत्रात घालून १४.६ लिटर आलं. सरासरी व्यास २७ धरून दंडगोलासारखं काढलं तर १४.३. पण लिटरच्या मापाने पाणी ओतलं तर चौदा मापांतच बादली काठोकाठ भरली. चुकतंय कुठे? घनफळाला एक उंची आणि वक्रपृष्ठफळाला दुसरी, असं का? आणि अशी बादली करून घ्यायची तर पत्रा किती लागेल?

उत्तर:

पाणी ओतून आलेलं उत्तर बरोबर आहे. या बादलीत १४.०५ लिटर पाणी मावतं. चौदा मापांनंतर राहिलेली ५० मिलिलिटरची जागा काठाशी डोळ्यांना जाणवतही नाही, कारण तोंडाशी तेवढं पाणी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा थर.

कागदावरच्या दोन्ही हिशेबांत एक चूक सारखीच आहे. भिंतीला टेप लावून आलेले २५ सेमी ही तिरकस उंची आहे. पाण्याच्या हिशेबाला लागते ती लंब उंची, म्हणजे तोंडाच्या पातळीपासून बुडापर्यंतचं सरळ उभं अंतर. दुसऱ्या हिशेबात सरासरी व्यासाची आणखी एक चूक आहे. पहिल्या चुकीने उत्तर वाढतं, दुसरीने कमी होतं, म्हणून दोन चुकांचा १४.३ हा आकडा एका चुकीच्या १४.६ पेक्षा खऱ्याच्या जवळ गेला. उत्तर जवळपास आलं म्हणजे रीत बरोबर होती असं धरू नका. थोडी वेगळ्या घडणीची बादली घेतली की हे जुळणं मोडतं.

आधी लंब उंची. बादलीच्या तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या खालच्या कडेपासून बुडापर्यंत टेप सरळ खाली सोडा. बुडाच्या मधोमध सोडलात तर भिंत आड येत नाही. इथे २४ सेमी भरायला हवेत. प्रत्यक्ष मोजायचं नसेल तर पायथागोरसने काढता येतं. तोंडाच्या कडेवरून खाली सरळ उभी रेष सोडली तर ती बुडाच्या पातळीला बुडाच्या कडेपासून (१७ − १०) = ७ सेमी बाहेर टेकते. तोंडाची त्रिज्या १७ ला r₁ आणि बुडाची त्रिज्या १० ला r₂ म्हणू. हे ७, लंब उंची h आणि तिरकस उंची l यांचा काटकोन त्रिकोण होतो:

h = √(l² − (r₁ − r₂)²) = √(६२५ − ४९) = √५७६ = २४ सेमी

इथे मुलं हमखास व्यासांची वजाबाकी करतात. ३४ − २० = १४ धरलं तर उंची २०.७ सेमी येते आणि पुढचं सगळं बिघडतं. एका बाजूची भिंत एकाच त्रिज्येच्या फरकाएवढी बाहेर झुकते. व्यासातल्या १४ सेमींत दोन्ही बाजूंचं झुकणं आलं.

आता घनफळ:

घनफळ = (π × h ÷ ३) × (r₁² + r₂² + r₁ × r₂)
= (π × २४ ÷ ३) × (२८९ + १०० + १७०)
= ८ × ५५९ × π = ४४७२π ≈ १४,०४९ घसेमी

१००० घसेमी म्हणजे १ लिटर, म्हणून १४.०५ लिटर. π साठी ३.१४ घेतला तर १४,०४२ आणि २२/७ घेतला तर १४,०५५ येतं. परीक्षेत प्रश्नात जो दिला असेल तोच घ्यावा. घरच्या बादलीला हा फरक नगण्य आहे, टेप एक मिलिमीटर सरकली तरी त्याहून जास्त फरक पडतो.

सूत्रातला r₁ × r₂ हा तुकडा कुठून येतो हे समजलं की सूत्र विसरत नाही. बादलीच्या भिंती खाली वाढवत नेल्या तर त्या एका टोकाला मिळतात आणि पूर्ण शंकू तयार होतो. बादली म्हणजे त्या मोठ्या शंकूतून खालचा लहान शंकू कापून टाकल्यावर उरलेला भाग. आपल्या बादलीची त्रिज्या २४ सेमी उंचीत ७ सेमी वाढते, म्हणजे १ सेमी त्रिज्येला २४/७ सेमी उंची. त्यामुळे लहान शंकूची उंची १० × २४/७ आणि मोठ्याची १७ × २४/७. दोन्हींची घनफळं वजा केली की राहतं:

(π ÷ ३) × (२४ ÷ ७) × (१७³ − १०³)

आता r₁³ − r₂³ चे अवयव (r₁ − r₂)(r₁² + r₁r₂ + r₂²) असे पडतात. (१७ − १०) म्हणजे ७, तो छेदातल्या ७ शी कटतो आणि सूत्र जसंच्या तसं समोर उभं राहतं. घनांच्या वजाबाकीच्या अवयवांतला मधला तुकडा म्हणजेच तो r₁ × r₂. घाईत तो राहून गेला तर आपल्या बादलीचं उत्तर ९.८ लिटरवर येतं. हे चुकीचं आहे हे लगेच ओळखता येतं: १३.५ सेमी या मधल्या त्रिज्येचा, तेवढ्याच उंचीचा दंडगोल काढा. शंकूछेदाचं घनफळ त्याच्यापेक्षा कधीच कमी नसतं, आणि तो दंडगोल १३.७४ लिटरचा आहे.

सरासरी त्रिज्येची रीत कमी का पडते, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग. बरोबर उंची, म्हणजे २४ सेमी, घेऊनही सरासरी त्रिज्येने १३,७४१ घसेमी येतात, खऱ्यापेक्षा ३०८ कमी. बादलीच्या मध्यावर त्रिज्या १३.५ आहे. मध्यापासून वर जाल तशी ती वाढते, खाली जाल तशी तेवढीच कमी होते. पण पाणी त्रिज्येच्या नव्हे, वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने मावतं, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर चालतं. मध्यावर वर्ग १८२.२५ आहे. तोंडाशी तो २८९ होतो, म्हणजे १०६.७५ ने वाढतो. बुडाशी तो १०० होतो, म्हणजे ८२.२५ ने घटतो. वरच्या अर्ध्या भागात जेवढं मिळतं तेवढं खालच्या भागात जात नाही. मधली त्रिज्या सगळीकडे धरली की वरचं हे जास्तीचं पाणी हिशेबातून सुटतं.

मग कोणी म्हणेल, त्रिज्येची सरासरी नको, दोन्ही वर्तुळांच्या क्षेत्रफळांचीच सरासरी घेऊ. (२८९ + १००) ÷ २ = १९४.५, गुणिले २४, गुणिले π, उत्तर १४,६६५. हे खऱ्यापेक्षा ६१६ जास्त. म्हणजे पहिली रीत ३०८ ने कमी पडते आणि दुसरी बरोबर त्याच्या दुपटीने जास्त देते. हा या बादलीचा योगायोग नाही. कोणत्याही शंकूछेदात पहिली चूक πh(r₁ − r₂)² ÷ १२ आणि दुसरी πh(r₁ − r₂)² ÷ ६ असते.

याचा उपयोग आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात, उताराच्या भिंतींच्या खड्ड्याचं घनफळ काढण्यासाठी हाच नियम दिला. तोंड आणि बूड यांच्या बाजूंची सरासरी घेऊन काढलेलं ते व्यावहारिक फल, क्षेत्रफळांची सरासरी घेऊन काढलेलं ते औत्र फल. औत्रातून व्यावहारिक वजा करा, तीनने भागा आणि ते व्यावहारिकात मिळवा, म्हणजे सूक्ष्म फल मिळतं. त्याचा नियम चौकोनी खड्ड्याचा आहे, पण गोल बादलीलाही तसाच लागतो. करून पाहा: १४,६६५ − १३,७४१ = ९२४, त्याचा तिसरा हिस्सा ३०८, आणि १३,७४१ + ३०८ = १४,०४९. मुलीला सूत्र पाठ असेल तरी ही तीन ओळींची रीत एकदा करायला सांगा. नेहमीच्या सूत्राचं उत्तर पडताळायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही, कारण इथे r₁ × r₂ कुठेच लिहावा लागत नाही, त्यामुळे तो विसरल्याची चूक लगेच उघडी पडते.

बादली उभट असेल तर सरासरीच्या रीतीची चूक लहान असते. तोंड ३० आणि बूड २४ असलेल्या प्लास्टिकच्या बादलीत त्रिज्यांचा फरक ३ सेमीच आहे, आणि २४ सेमी उंचीला चूक जेमतेम ५७ घसेमी येते. तिथे सरासरीने काढलं तरी काही बिघडत नाही. फरकाचा वर्ग चुकीत येतो, म्हणून बादली पसरट होत गेली की चूक झपाट्याने वाढते. घमेल्याला तर ही रीत वापरूच नये.

याच कारणाने बादलीवर लिटरच्या खुणा सारख्या अंतरावर येत नाहीत. पाणी येण्याच्या वेळेत भरून ठेवणाऱ्या घरात हे कामाचं आहे. अर्ध्या उंचीपर्यंत, म्हणजे १२ सेमी भरलेल्या या बादलीत पाणी किती? तळाशी त्रिज्या १०, पाण्याच्या पातळीला १३.५:

(π × १२ ÷ ३) × (१०० + १८२.२५ + १३५) = १६६९π ≈ ५,२४३ घसेमी

सव्वापाच लिटर. चौदा लिटरची बादली 'अर्धी' भरली तर सात लिटर मिळतील असं वाटतं, मिळतात सव्वापाच. खरोखर निम्मं पाणी १४.९ सेमी उंचीला होतं. उलट दिशेने, ठराविक लिटरची खूण कुठे करायची ते हवं असेल तर मघाची घनांची वजाबाकी वापरा. पाण्याच्या पातळीला त्रिज्या r असेल तर घनफळ (८π ÷ ७)(r³ − १०००) होतं. ५ लिटरला r³ ≈ २३९३, r ≈ १३.३७, आणि उंची = (१३.३७ − १०) × २४/७ ≈ ११.६ सेमी. तसंच १० लिटरला १९.१ सेमी येतात. म्हणजे पहिल्या पाच लिटरला साडेअकरा सेमीच्या वर उंची लागते आणि पुढच्या पाचांना साडेसात. खुणा ऑइलपेंटने आतून करायच्या असतील तर ही अंतरं भिंतीवरून नव्हे, लंब उंचीने मोजा. भिंतीवरून टेप लावणार असाल तर प्रत्येक आकड्याला २५/२४ ने गुणा: ११.६ चे १२.१ आणि १९.१ चे १९.९ सेमी होतात.

मोजण्याबद्दल एक सूचना. तुमच्या मुलीने आतून मापं घेतली हे फार बरं केलं. प्लास्टिकची बादली बाहेरून मोजली आणि तिची भिंत २ मिमी जाड असली तर दोन्ही त्रिज्या ०.२ सेमीने जास्त येतात, आणि एवढ्याने आपल्या मापाच्या बादलीत सुमारे ४०० मिलिलिटर वाढतात. सरासरीच्या चुकीपेक्षाही हे जास्त आहे. तोंडाला काठ बाहेर वळवलेला असतो, व्यास मोजताना टेप त्या वळलेल्या काठावर नाही तर आतल्या कडेला धरायची. बुडाला बाहेरून कडं असतं किंवा बूड आत उचललेलं असतं, म्हणून उंचीसुद्धा बाहेर जमिनीपासून घेऊ नये.

आता वक्रपृष्ठफळ. इथे तिरकस उंची का, याचं उत्तर सरळ आहे. पत्रा भिंतीवर असतो आणि भिंत तिरकी आहे. बुडापासून तोंडापर्यंत पत्र्यावरून बोट फिरवलं तर ते २५ सेमी चालतं, २४ नाही. पाणी मात्र आडव्या थरांनी चढतं, त्या थरांची जाडी उभ्या दिशेने मोजली जाते, म्हणून तिथे २४. एवढं लक्षात ठेवलं तर कोणत्या सूत्रात कोणती उंची हे पाठ करावं लागत नाही.

वक्रपृष्ठफळ = π × l × (r₁ + r₂) = π × २५ × २७ = ६७५π ≈ २,१२१ चौसेमी

आणि आता सरासरी त्रिज्येने काढून पाहा: २ × π × १३.५ × २५ = ६७५π. तेच. मिलिमीटरचाही फरक नाही. घनफळात जी रीत ३०८ ने चुकली, ती इथे अगदी बरोबर उत्तर देते. पत्र्याचा हिशेब परिघावर चालतो, आणि परीघ त्रिज्येच्या सरळ प्रमाणात वाढतो, वर्गाच्या नाही. मध्यापासून वर जितका परीघ वाढतो, खाली तितकाच घटतो, आणि दोन्ही एकमेकांना पुरे पडतात. तुमच्या मनातला 'सरासरी घेऊन दंडगोल' हा विचार चुकीचा नव्हता, तो पृष्ठफळाचा होता आणि घनफळाला लावला गेला.

बुडाचं वर्तुळ π × १०० ≈ ३१४ चौसेमी. तोंड उघडं, म्हणून r₁ चं वर्तुळ मिळवायचं नाही. 'एकूण पृष्ठफळ' हे सूत्र दोन्ही बाजूंनी बंद शंकूछेदाचं आहे, बादलीच्या प्रश्नात ते वापरून गुण गेलेले पुष्कळ दिसतात. म्हणजे भूमितीच्या हिशेबाने पत्रा २,१२१ + ३१४ = २,४३५ चौसेमी.

पण हा आकडा घेऊन वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर तो पुरणार नाही. ८ × ४ फुटी पत्रा म्हणजे साधारण २४४ × १२२ सेमी. त्याचं क्षेत्रफळ भागिले २,४३५ केलं तर बारा बादल्या निघायला हव्यात. प्रत्यक्षात सहा निघतात. का ते बादलीचं अंग सपाट उलगडून पाहिल्यावर कळतं.

शंकूछेद उभा कापून सपाट केला की आयत होत नाही, कमानीसारखा वाकलेला पट्टा होतो: एकाच केंद्राच्या दोन चापांमधला भाग. बाहेरच्या चापाची त्रिज्या मोठ्या शंकूची तिरकस उंची, आतल्याची लहान शंकूची:

बाहेरची त्रिज्या = l × r₁ ÷ (r₁ − r₂) = २५ × १७ ÷ ७ ≈ ६०.७ सेमी
आतली त्रिज्या = २५ × १० ÷ ७ ≈ ३५.७ सेमी
कोन = ३६०° × (r₁ − r₂) ÷ l = ३६० × ७ ÷ २५ = १००.८°

दोन त्रिज्यांमधला फरक २५ आहे, म्हणजे तिरकस उंची, ही पहिली पडताळणी. दुसरी: बाहेरच्या चापाची लांबी तोंडाच्या परिघाएवढी हवी, २ × π × १७ ≈ १०६.८ सेमी.

या रेषांच्या बाहेर जोडाचे मार्जिन सोडावे लागतात. सूत्रात l वाढवून ते मिळवायचे नसतात, नाहीतर बादलीचंच माप बदलतं. उभ्या सांध्याला ६ मिमी रुंदीची घडी घालायची तर एकूण तिच्या तिप्पट, म्हणजे १८ मिमी लागतात. काठात ४ मिमीची तार गुंडाळायची तर तारेच्या जाडीच्या अडीचपट, म्हणजे १० मिमी. खालच्या कडेला बूड जोडायला सुमारे ७ मिमी, आणि बुडाचं वर्तुळ २० ऐवजी २२ सेमीचं कापलेलं बरं. सगळं धरून हा वाकडा पट्टा ९७ × ४० सेमीच्या चौकोनात बसतो. पत्र्यावर आडवे दोन आणि उभे तीन असे सहा चौकोन होतात, आणि बाजूला जवळपास ५० सेमीची पट्टी उरते, तिच्यातून सहाही बुडं आरामात निघतात.

वाया जातो तो कमानीच्या पोटातला आणि दोन्ही खांद्यांवरचा पत्रा. पोटातल्या पोकळीतून बूड काढता येईल असं वाटतं, पण ती पोकळी जेमतेम पावणेतेरा सेमी खोल आहे, २२ सेमीचं वर्तुळ तिथे बसत नाही. कडी अडकवायचे कान मात्र तिथूनच काढतात. पत्रा वाचवायचा असेल तर अंग दोन अर्ध्या तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकडा ५०.४° चा, कमी वाकलेला, साधारण ५५ × ३० सेमीच्या चौकोनात मावणारा. अशी आठ बादल्यांची अंगं एका पत्र्यात बसतात, पण उरलेल्या पट्टीतून बुडं पाचच निघतात आणि प्रत्येक बादलीला दोन उभे सांधे येतात. सांधा जिथे, तिथेच आधी गंज धरतो आणि तिथूनच गळतं. एकच बादली करून घ्यायची असेल तर मी एका सांध्याचीच करायला सांगेन.

पत्र्याला हात लावायच्या आधी मुलीकडून हे कागदावर करून घ्या. चौथ्या हिश्श्याचं माप धरा: चापांच्या त्रिज्या १५.२ आणि ८.९ सेमी, कोन १००.८°, नेहमीच्या ए-फोर कागदावर सहज बसतं. कापून दोन्ही सरळ कडा जुळवल्या की तोंडाचा व्यास ८.५ आणि बुडाचा ५ सेमी यायला हवा, आणि टेबलावर ठेवून उंची ६ सेमी भरायला हवी. तोंड आणि बूड दोन्ही एकाच प्रमाणात लहान आली तर कोन कमी पडलाय. व्यास बरोबर पण उंची ६.२५ च्या आसपास दिसली तर तुम्ही अजून भिंतीवरूनच मोजताय. खऱ्या पत्र्यावर कोनमापकाच्या भरवशावर राहू नका. एक अंश चुकला तर तोंडाचा परीघ सेमीभराने आणि व्यास साडेतीन मिमीने बदलतो. त्याऐवजी बाहेरचा चाप काढून त्याच्यावर लवचिक टेपने १०६.८ सेमी मोजा, दोन्ही टोकं केंद्राशी जोडा, आणि त्या टोकांमधलं सरळ अंतर ९३.६ सेमी येतंय ना ते पाहूनच कात्री लावा.